आईचे दूध की लेकींचे दूध? : वळूचा दाखला वाचताना

तापीच्या काठाने प्रकाशाहून वरच्या अंगाला गेले की सारंगखेडा लागते. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो. या बाजारात मी अनेक वर्षे नुसता हिंडायला जातो. घोडे घेण्याची ऐपत नाही, पण सौदा कसा होतो ते ऐकायला आवडते. गिऱ्हाईक आधी दात बघते, चाल बघते, आणि मग हमखास विचारते, याची आई कोणती, बाप कोणता. जनावराची खात्री त्याच्या आईबापावरून करायची ही आपली जुनी रीत आहे. तीच रीत आपण गाय भरवताना वापरतो. भरवायला येणारे डॉक्टर नळकांड्यातून कांडी काढतात तेव्हा आमच्या गल्लीतला शेतकरी अहिराणीत एकच प्रश्न विचारतो, "मायनं दूध कितलं शे?" म्हणजे ज्या वळूची ही कांडी, त्याच्या आईने किती दूध दिले. डॉक्टर सांगतात, सहा हजार. शेतकरी खूश होतो.

मीही पंधरा-सोळा वर्षे असाच खूश होत होतो. मी पशुवैद्यक नाही. दुधाच्या हिशेबाची वही ठेवायची सवय लागली, वहीतले आकडे जुळेनात, म्हणून वाचायला लागलो. या लेखात एवढेच सांगायचे आहे की आईच्या दुधाचा आकडा वळूबद्दल फार थोडे सांगतो, आणि खरा दाखला त्याच्या लेकींकडे असतो. तो दाखलाही सगळ्या बाबतींत सारखा भरवशाचा नसतो. दूध, फॅट, गाभण राहणे आणि सुलभ विणे या चार गोष्टी एकाच कागदावर छापलेल्या असल्या तरी त्यांचे वजन वेगवेगळे धरावे लागते.

आधी आईचा हिशेब करून बघू. आकडे सोपे घेतो. गोठ्याची सरासरी वेताला ३,५०० किलो, आणि त्यातली एक गाय ६,००० किलो देते. फरक अडीच हजारांचा. हा सगळा फरक तिच्या रक्तातला आहे का? नाही. तिला खुराक चांगला मिळाला असेल, ती योग्य हंगामात व्याली असेल, त्या वर्षी तिला कासदाह झाला नसेल. दुधातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा अनुवंशिक धरला जातो, बाकीचा खाण्यापिण्याचा, हवेचा आणि नशिबाचा. म्हणजे अडीच हजारांतले रक्तातले सव्वासहाशे. त्यातले निम्मे तिच्या मुलाकडे, म्हणजे आपल्या वळूकडे उतरणार : ३१२. वळू आपल्या लेकीला पुन्हा निम्मेच देणार : १५६ किलो. वेताचे ३०५ दिवस धरले तर रोजचे अर्धा लिटर. सहा हजारांची आई म्हणून जी कांडी आपण हौसेने मागून घेतो, तिच्यातून अंदाजाने एवढे हाती येते.

आणि हा अंदाजही ठिसूळ असतो. गायीच्या पोटी जन्मलेले दोन सख्खे गोऱ्हे दिसायलाही सारखे नसतात. आईच्या रक्तातले कोणते निम्मे कोणाला मिळाले हे जन्मताना कळत नाही. आईचे एक वेत नोंदलेले असेल तर त्यावरून मुलाबद्दलच्या अंदाजाची विश्वासार्हता शंभरात जेमतेम सहा भरते. आईबाप दोघांचेही रक्त अगदी तंतोतंत माहीत झाले, तरी ती पन्नासाच्या वर जात नाही.

त्यात आकडा छापण्याच्या खुब्या. काही पत्रकांवर "आईचे दूध २८ लिटर" असते. ते एका दिवसाचे, तेही वेताच्या ऐन भराच्या दिवसाचे. ऐन भराच्या आकड्याला दोनशेने गुणले की संकरित गायीच्या पूर्ण वेताचा ढोबळ आकडा येतो, म्हणजे २८ ला ५,६००. दुसऱ्या पत्रकावर पूर्ण वेताचा आकडा असेल, तर दोन्हींची तुलना एवढे गणित केल्याशिवाय होत नाही.

मग लेकींचा दाखला कसा तयार होतो? तरुण वळूच्या कांड्या अनेक गावांत, अनेक गोठ्यांत वाटतात. त्यांतून जन्मलेल्या कालवडींच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, त्यावरून बाप कोण ते नोंदलेले राहते. कालवड मोठी होते, भरते, विते. मग महिन्यातून एक दिवस माणूस गोठ्यात येऊन सकाळ-संध्याकाळचे दूध मोजतो, फॅटसाठी नमुना नेतो. असे वेतभर चालते. या लेकींची तुलना त्याच गावात, त्याच हंगामात व्यालेल्या दुसऱ्या वळूंच्या लेकींशी करतात. हे महत्त्वाचे आहे. एका वळूच्या लेकी उसाच्या पट्ट्यात हिरव्या चाऱ्यावर आणि दुसऱ्याच्या सातपुड्याच्या पायथ्याशी कडब्यावर असतील, तर नुसती सरासरी फसवते. शेजारणींशी तुलना केल्यावर जे उरते, त्याला पैदासमूल्य म्हणतात. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने असे काम चालते. गुजरातेत साबरमती आश्रम गोशाळा, मेहसाण्याचा दूध संघ, केरळचे पशुधन विकास मंडळ या त्यातल्या जुन्या संस्था.

याला वेळ किती लागतो ते पाहा. वळू दोन वर्षांचा झाल्यावर कांड्या वाटल्या, नऊ महिन्यांनी वासरी जन्मली, ती अडीच-तीन वर्षांची होऊन व्याली, वर्षभर तिचे दूध मोजले. निकाल हाती येईपर्यंत वळू सात-आठ वर्षांचा झालेला असतो. कधी तो मरूनही गेलेला असतो, नायट्रोजनमध्ये साठवलेल्या कांड्याच मागे राहतात. म्हणूनच सिद्ध वळूच्या कांड्या कमी आणि त्यांना मागणी जास्त.

या प्रतीक्षेवर उतारा म्हणून वासराच्या केसावरून किंवा रक्तावरून जनुके तपासण्याची पद्धत आली. आपल्या जनावरांसाठी बनवलेल्या 'गौ चिप' आणि 'महिष चिप' या तपासण्यांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीच्या कार्यक्रमात झाले. त्यांवरून लहान वळूबद्दल आईबापापेक्षा बराच चांगला अंदाज बांधता येतो. पण चिपलाही शिकवावे लागते ते मोजलेल्या लेकींवरूनच. लेकींची वही नसेल तर चिप मुकी.

आता दाखला हातात घेऊ. त्यावर पैदासमूल्य असते, समजा दूध अधिक ६००. याचा अर्थ लेक सहाशे किलो जास्त देईल असा नाही. पैदासमूल्य वळूचे स्वतःचे असते, लेकीला त्याचे निम्मे मिळते, म्हणजे ३००. आणि हे अधिक कशाच्या तुलनेत? त्या यादीच्या पायाभूत सरासरीच्या. दोन संस्थांच्या याद्यांचे पाये वेगळे असतात, म्हणून एका यादीतला ६०० आणि दुसऱ्या यादीतला ५०० यांत कोण मोठा ते सांगता येत नाही. अमेरिकन यादी तर आणखी निराळी. तिथे छापलेला आकडा पौंडांत असतो आणि तो आधीच निम्मा केलेला, म्हणजे थेट लेकीचा वाटा असतो. अधिक हजार पौंड म्हणजे ४५४ किलो. तो आपल्या यादीतल्या ९०८ किलो पैदासमूल्याच्या बरोबरीचा, पण पाया अमेरिकेतल्या गायींचा. शिवाय त्या लेकी थंड हवेत, वर्षभर एकसारख्या चाऱ्यावर वाढलेल्या. मे महिन्यात प्रकाशाच्या पत्र्याच्या गोठ्यात धापा टाकणाऱ्या गायीत तो फरक तेवढा उतरत नाही, आकसतो. कधी वळूंचा क्रमही बदलतो. म्हणून मी परदेशी दाखला खोटा म्हणत नाही, पण तो दुसऱ्या गावचा दाखला आहे हे धरून चालतो.

पैदासमूल्याशेजारी दुसरा आकडा असतो विश्वासार्हतेचा. बरेच लोक तो वगळतात. माझ्या मते तोच आधी वाचावा. केवळ लेकींवरून आलेल्या दाखल्यासाठी त्याचे गणित सोपे आहे. दुधासाठी लेकींच्या संख्येला, त्याच संख्येत १५ मिळवून भागायचे. पंधरा लेकी असल्या तर पंधरा भागिले तीस, म्हणजे शंभरात ५०. पंचवीस असल्या तर ६२. साठ असल्या तर ८०. शंभर झाल्या तरी ८७ च. पहिल्या पंधरा लेकींनी जेवढे सांगितले, तेवढे नंतरच्या पन्नास मिळूनही सांगत नाहीत.

आता गंमत अशी की १५ हा आकडा फक्त दुधाचा. तो येतो दुधाचा चौथा हिस्सा अनुवंशिक म्हणून. फॅटच्या टक्क्यातला जवळजवळ निम्मा फरक रक्तातला असतो, तिथे १५ च्या जागी ७ येतात. विण्यातल्या अडचणीतला दहावा हिस्सा रक्तातला, तिथे ३९. आणि लेकींच्या गाभण राहण्यातला शंभरातला चारेक हिस्सा, तिथे ९९. म्हणजे एकाच वळूच्या त्याच पंचवीस लेकी घेतल्या, तर त्या फॅटबद्दल शंभरात ७८ खात्रीने बोलतात, दुधाबद्दल ६२, सुलभ विण्याबद्दल ३९ आणि गाभण राहण्याबद्दल अवघ्या २० खात्रीने. पंचवीस साक्षीदार तेच, पण एका गोष्टीचे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि दुसऱ्या गोष्टीचे नुसते कानावर आलेले. हे मला कळले तेव्हा माझ्या वहीतले बरेच कोडे सुटले.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो माझाही होता. विश्वासार्हता कमी आहे म्हणून मी पैदासमूल्यातून मनानेच काही वजा करत असे. ते करायचे नसते. छापलेला आकडा विश्वासार्हतेनुसार आधीच सरासरीकडे ओढलेला असतो. विश्वासार्हता सांगते ती एवढेच की उद्या आणखी लेकी मोजल्या गेल्यावर हा आकडा किती हलू शकतो. त्यावरचा उपाय म्हणजे कमी विश्वासार्हतेच्या एकाच वळूवर सगळा गोठा न टाकता दोन-तीन वळू वापरणे. एकाचा घसरला तर दुसऱ्याचा चढतो.

दूध आणि फॅट यांची तुलना करताना माझ्या शेजाऱ्यांच्या गोठ्यातले उदाहरण घेतो. त्यांची चौथ्या वेताची संकरित गाय आहे, वेताला तीन हजार किलो दूध, फॅट ३.८. तिच्यापासून वासरी ठेवायची तर कोणती कांडी, असा प्रश्न होता. वळूंचे आकडे मी समजावण्यासाठी गोल करून सांगतो. पहिल्या वळूचे पैदासमूल्य दूध अधिक ६००, फॅट उणे ०.२ टक्के. दुसऱ्याचे दूध अधिक ३५०, फॅट अधिक ०.१ टक्का. आईसारखीच गाय धरून तिच्यावर वळूचा निम्मा वाटा चढवला, तर पहिल्याची लेक ३,३०० किलो दूध ३.७ फॅटचे देईल, दुसऱ्याची ३,१७५ किलो ३.८५ फॅटचे. आता फॅट किलोत मोजा. पहिलीचे १२२.१ किलो, दुसरीचे १२२.२. दूध सव्वाशे किलोने कमी, पण तूप तेवढेच!

यावरून दुसरा वळू बरा असे म्हणायची घाई शेजाऱ्यांनी केली. पण संकलन केंद्र आपल्याला तुपाचे पैसे देत नाही, दरपत्रकाचे देते. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर ठरतो. समजा पायाचा दर ३० रुपये आणि फॅटच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला ३० पैसे मिळतात. पहिलीच्या दुधाला ३०.६० दर, वेताचे १,००,९८० रुपये. दुसरीला ३१.०५ दर, वेताचे ९८,५८४ रुपये. पहिली सुमारे चोवीसशेंनी पुढे. त्यातून जास्तीच्या सव्वाशे किलो दुधाचा खुराक काढा. किलोला चारशे ग्रॅम धरले तर पन्नास किलो पेंड-सरकी, तीस रुपयांनी पंधराशे. उरले नऊशे. वेताला नऊशे रुपये म्हणजे दोन वळूंत फारसा फरक नाही, पण आहे तो पहिल्याच्या बाजूने.

चित्र उलटते ते आईचाच फॅट काठावर असतो तेव्हा. तीच गाय ३.५ ची असती तर पहिल्याची लेक ३.४ वर घसरली असती. पायाच्या खाली गेल्यावर एका पॉइंटला ३० पैसे कपात असेल तरी पहिली पुढेच राहते. पण कपात रुपयाची असेल तर २९ च्या दराने तिचे ९५,७०० होतात आणि दुसरीचे ३०.१५ ने ९५,७२६. बरोबरी झाली, आणि खुराक वजा केल्यावर दुसरी पंधराशेंनी पुढे गेली. म्हणून कांडी निवडण्याआधी वळूच्या दाखल्याइतकेच स्वतःच्या दुधाच्या पावत्या वाचाव्या लागतात. गायीचा फॅट पावसाळ्यात कोवळ्या चाऱ्यावर पडतो, म्हणून एका महिन्याची पावती पुरत नाही. निदान बारा महिन्यांच्या बघाव्यात. म्हशीच्या दुधाला फॅटवरच दर असल्याने तिथे रेड्याच्या दाखल्यात फॅटचा रकाना दुधाइतकाच मोठा धरावा. गुजरातेतून आलेल्या मेहसाणी म्हशी आमच्याकडे आहेत, त्यांचे मालक हे आपसूकच करतात.

आता गाभण राहणे. या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपतात आणि पत्रकात त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे वळूच्या कांडीने गायी किती गाभण राहतात. दुसरी म्हणजे त्या वळूच्या लेकी मोठ्या झाल्यावर लवकर गाभण राहतात की उलटत राहतात. पहिलीचा परिणाम आज दिसतो, दुसरीचा चार वर्षांनी.

पहिलीबद्दल गावात फार लवकर निकाल लागतात. "त्या वळूच्या कांडीने गाय राहत नाही," असे चार जण म्हणाले की ती कांडी बंद. मी माझ्या वहीत एका वळूच्या वीस भरवण्या मोजल्या आहेत. समजा त्याची खरी क्षमता शंभरात चाळीस आहे, तर विसांत आठ गाभण राहायला हव्यात. पण केवळ योगायोगाने त्या चार ते बारा यांच्यामध्ये कुठेही पडू शकतात. म्हणजे एका गल्लीला तो वळू निकामी वाटेल आणि पलीकडच्या गल्लीला सोन्याचा, वळू तोच असून. शेकडो भरवण्यांच्या नोंदीशिवाय वळूवर ठपका ठेवता येत नाही. त्याआधी दुसऱ्या गोष्टी तपासाव्यात. सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी भरवली का, की तिसऱ्या दिवशी? कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवली का, की तळहातावर चोळली? नायट्रोजन वेळेवर भरला जातो का? साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्रजंतू असतात, म्हणून थोडी हेळसांड निभावते. फक्त वासरी देणाऱ्या लिंगनिर्धारित कांडीत ते सुमारे वीस लाखच असतात. तिथे हेळसांडीला माफी नाही.

दुसरी गोष्ट, लेकींचे गाभण राहणे, ही खरी महागडी. आणि ती नेमकी तिथेच आहे जिथे पंचवीस लेकींची साक्ष शंभरात वीसच खरी. त्यातून दूध आणि प्रजनन यांचे रक्तात थोडे वाकडे आहे. नुसत्या दुधावर वळू निवडत गेले की पिढ्यांमागून पिढ्या गायी उशिरा राहू लागतात. हे जगाने होल्स्टिन गायींत पाहिले.

याचे सर्वांत मोठे उदाहरण 'पॉनी फार्म आर्लिंडा चीफ' या अमेरिकन होल्स्टिन वळूचे. जन्म १९६२. त्याला सोळा हजार लेकी झाल्या, नाती पाच लाखांवर. दुधाचा दाखला इतका भक्कम की आजच्या होल्स्टिनच्या रक्तात सुमारे चौदा टक्के वाटा त्या एकाचा आहे. पण त्याच्या एका जनुकात दोष होता. दोष एका बाजूने आला तर काहीच होत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला तर वासरू पोटातच मरते. चीफचे वंशज एकमेकांशी जुळू लागले तसे गर्भ पडू लागले. शेतकऱ्याला दिसले एवढेच, की गाय उलटली. संशोधकांचा २०१६ सालचा हिशेब असा, की पस्तीस वर्षांत जगभर सुमारे पाच लाख गर्भ या एका दोषाने गेले आणि ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाले. त्याच हिशेबात हेही आहे, की त्याच्या रक्ताने वाढलेल्या दुधाची किंमत ३,००० कोटी डॉलर होती. तेव्हा चीफ वाईट वळू होता असे म्हणवत नाही. दाखला खोटा नव्हता, त्यात तो रकानाच नव्हता. हा दोष आता तपासता येतो. वळूच्या कागदावर अनुवंशिक दोषांच्या तपासणीची ओळ असेल तर ती वाचावी, नसेल तर विचारावे. आणि आपल्या पातळीवर एक काम प्रत्येकाला जमते. गायीच्या बापाचा क्रमांक वहीत लिहून ठेवायचा आणि त्याच वळूची कांडी लेकीवर पुन्हा पडू द्यायची नाही. एका गावाला वर्षानुवर्षे त्याच नळकांड्यातून कांड्या येतात तिथे ही चूक सहज होते.

राहिले सुलभ विणे. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण इथे मी स्वतः पोळलो. बारा वर्षांपूर्वी घरच्या कालवडीला, वजनाने सव्वादोनशे किलोच्या आत, मी उंचापुऱ्या शुद्ध होल्स्टिन वळूची कांडी भरवली. आईचे दूध दहा हजार छापले होते. कालवड रात्री दोनला अडली. डॉक्टर येऊन वासरू ओढून काढेपर्यंत सकाळ झाली. वासरू मेलेले. कालवडीची वार अडकली, ती पुढे नीट गाभण राहिलीच नाही. दहा हजारांच्या आईचा तो नातू मी खळ्यामागे पुरला.

तेव्हा मला माहीत नव्हते की विण्याचेही दोन दाखले असतात. एक, या वळूची वासरे जन्मताना किती अडचण करतात. हा वासराच्या आकाराचा दाखला, कालवड भरवताना तोच बघायचा. दुसरा, या वळूच्या लेकी स्वतः विताना किती सहज वितात. तो वासरी ठेवणाऱ्याने बघायचा. दोन्ही एकच नव्हेत, कधी तर उलटे असतात. लहान चणीची वासरे देणाऱ्या वळूच्या लेकी लहान कमरेच्या निघाल्या, तर पुढे त्याच अडतात. परदेशी यादी वाचताना आणखी एक सापळा आहे. अमेरिकेत हा आकडा अडचणीच्या विण्यांची टक्केवारी असतो, म्हणजे कमी तेवढा चांगला. कॅनडाच्या यादीत सरासरी १०० धरतात आणि वर जाईल तितके विणे सोपे. आकड्याआधी त्याच्या डोक्यावरची ओळ वाचावी.

आपल्या देशी याद्यांत हा रकाना बहुधा नसतो. मग करायचे काय? कालवडीचे वजन छातीच्या घेरावरून पट्ट्याने काढावे आणि संकरित कालवड अडीचशे किलोंच्या वर गेल्याशिवाय भरवू नये. पहिल्या वेताला जर्सी किंवा जर्सी संकर वळू घ्यावा, त्याची वासरे लहान असतात. वासरी नर वासरापेक्षा थोडी हलकी असते, म्हणून लिंगनिर्धारित कांडीने अडण्याची शक्यताही थोडी घटते. आणि आधीच संकरित असलेल्या कालवडीवर शुद्ध होल्स्टिन घातला तर वासरात तीन चतुर्थांश परदेशी रक्त येते. आमच्या खानदेशच्या उन्हात ते पेलत नाही. वळू कोणता हा प्रश्न रक्ताचे प्रमाण ठरल्यावरचा आहे.

शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेल्या पावसाळ्यात तीन जनावरे भरवायची होती. चौथ्या वेताची गाय दणकट, विण्याची भीती नाही, फॅट ३.८. तिला साठ लेकींचा संकरित वळू दिला, दूध अधिक ६०० वाला. दुसरी तिचीच कालवड, पट्ट्याने २३५ किलो भरली. शेजारी म्हणाले, "भाऊ, माज फुकट जाईल." मी म्हटलं, "दादा, तीन माज जाऊ द्या." दिवाळीपर्यंत ती २६० झाली, मग तिला जर्सी संकर वळूची कांडी पडली. तिसरी गाय दोनदा उलटलेली. तिच्यासाठी शेजाऱ्यांना सर्वांत महाग कांडी हवी होती, चांगल्या वळूने राहील म्हणून. डॉक्टरांनी तपासली तर सोट गढूळ होता, गर्भाशयाला सूज. आधी उपचार, एक माज रिकामा, आणि मग सरकारी दवाखान्यातली साधी कांडी. ती त्याच भरवणीला राहिली.

पहिल्या गायीला वैशाखात वासरी झाली. तिच्या कानातला बिल्ला, बापाचा क्रमांक आणि जन्मवजन २९ किलो एवढे वहीत लिहिले आहे. तिच्यापुढचा दुधाचा रकाना अजून तीन वर्षे रिकामा राहील.